वाचून झालं, आता सांग

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात मुलीच्या डायरीत घडी घातलेला एक कागद आला. मुलगी चौथीत. वर्गाच्या बाईंनी सगळ्या पालकांना पत्र लिहिलं होतं, आणि खाली फाडून द्यायची पट्टी होती, ‘पत्र वाचले व समजले’ असं छापलेली. त्यावर सही करून दुसऱ्या दिवशी परत द्यायची. गॅसवर भात होता आणि एका हातात झारा होता. तसंच उभ्याउभ्या पत्र वाचायला घेतलं. दुसऱ्या परिच्छेदाला माझं डोकं फिरलं.

पत्रात लिहिलं होतं की या सत्रात मराठीच्या आकारिक मूल्यमापनात वाचनाचं आकलन वेगळं पाहिलं जाईल. मुलाला आधी न वाचलेला छोटा उतारा मिळेल. तो मनात वाचायचा. मग काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि बाई विचारतील त्या प्रश्नांची तोंडी उत्तरं द्यायची. आणि पुढे ते वाक्य: ‘वाचनाचा वेग, आवाज व उच्चार यांची नोंद स्वतंत्र ठेवली जाईल, आकलनाच्या गुणांत ती धरली जाणार नाही.’

धरली जाणार नाही! आमच्या घरात दुसरं होतं काय? माझी मुलगी वाचनात पहिली. शाळेत कुणी पाहुणे आले की वाचायला हिलाच उभी करायचे. रोह्यात आमच्या आळीत मार्गशीर्षातल्या गुरुवारची पोथी गेल्या वर्षीपासून हीच वाचते. बायका हात जोडून बसतात आणि ही मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एका दमात वाचते. एक काना चुकत नाही. समोरच्या मावशी तर म्हणायच्या, "काय गो पोर हाय ही, पानी व्हातं तसं वाचते!" हे ऐकून मी आठवडाभर हवेत असायचे. त्यातलं आता काहीच मोजणार नाहीत म्हणजे काय?

तिला तसं मीच तयार केलं होतं. पोथीचा नियमच आहे आमच्याकडे: एकदा वाचायला बसलं की मध्ये थांबायचं नाही, वर बघायचं नाही, कुणी काही बोललं तर उत्तर द्यायचं नाही. मध्ये थांबलं की पोथी खंडित झाली आणि परत पहिल्यापासून. माझ्या सासूबाईंनी मला तसं शिकवलं, मी मुलीला. ती पहिलीत असल्यापासून रोज संध्याकाळी तिला पुस्तक देऊन मी भाकऱ्या थापत ऐकायची. अडखळली की म्हणायची, पुन्हा वरून घे.

भात खालून लागला. पट्टीवर मी सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी सगळ्या आया जमल्या होत्या. प्रत्येकीकडे तोच कागद आणि प्रत्येकीचं वेगळं म्हणणं. एक म्हणाली, मागच्या बाजूला नमुन्याचा उतारा आहे तोच येणार, मी तर पाठ करून घेतला पण. दुसरी म्हणाली, "अगो, तसं नाय, आता समदं शुद्ध बोलायला लागणार. घरातलं बोलनं बोललं का गुण कापनार." तिने ते आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवरसुद्धा बोलून टाकलं होतं. मी तो आवाजातला मेसेज तीनदा ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी तळपायाची आग मस्तकात गेली होती. आम्ही खाडीकडची माणसं. माझं माहेर पेणचं, वडलांचा जन्म मिठागरात गेला. आमच्या घरात ‘नाही’ला ‘नाय’ म्हणतात. बाई बाहेरून आलेल्या, याच वर्षी बदलून. म्हटलं, आल्या लगेच आमची भाषा धुवायला.

मी तिथेच जाहीर केलं, सोमवारी बाईंना भेटते आणि विचारतेच. सगळ्या म्हणाल्या, व्हय, तूच बोल, तुला बोलता येतं. मला बोलता येतं हे खरं आहे.

मधल्या रविवारी पेणला गेले. वडलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि भाऊ-वहिनीला हळदीला कासूला जायचं होतं. दिवसभर वडलांजवळ कुणीतरी हवं होतं. नवऱ्याला धाटावच्या कारखान्यात पहिली शिफ्ट, म्हणून मुलीला घेऊन मी एकटीच निघाले. गाडीत ती खिडकीशी बसली आणि दिसेल ती पाटी वाचत सुटली. नागोठणे, कासू, मधली रंगाची जाहिरात, फाटकावरची सूचना, सगळं मोठ्याने. समोरचा माणूस कौतुकाने बघत होता. मी मनात म्हटलं, बघा, आणि म्हणे धरली जाणार नाही.

वडील पलंगावर काळा चष्मा लावून बसले होते. एका डोळ्यावर ऑपरेशन, दुसरा आधीच अधू, त्यामुळे त्यांना वाचता येत नव्हतं. वहिनी जाताना मला सांगून गेली की दवाखान्यातला कागद उशाशी आहे, थेंब त्याप्रमाणे घाला. मी मासे साफ करायला मागच्या दारी बसले होते. वडलांनी नातीला हाक मारली.

"ये गो इकडं. तो कागद वाच जरा. मना डोकं धुवाचं हाय. धुऊ का नको, बघ त्यात काय लिवलंय."

मुलीने कागद घेतला. उभी राहिली, पाठ ताठ केली आणि सुरू झाली. मागच्या दारी मला एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. शस्त्रक्रियेनंतर घ्यावयाची काळजी. थेंब घालण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. दोन वेगवेगळ्या औषधांच्या थेंबांत काही मिनिटांचे अंतर ठेवावे. डोळा चोळू नये. पहिला आठवडा डोक्यावरून अंघोळ करू नये. खाली वाकून जड वस्तू उचलू नये. शेवटच्या ओळीपर्यंत कुठे म्हणून अडखळली नाही. ‘शस्त्रक्रियेनंतर’ म्हणताना मीसुद्धा अडखळले असते.

"शाब्बास," वडील म्हणाले. "मग? धुऊ का डोकं?"

आतून कागदाची सळसळ ऐकू आली.

"सांग ना गो. धुऊ का नको?"

मुलगी पुन्हा वाचायला लागली. पहिल्यापासून. शस्त्रक्रियेनंतर घ्यावयाची काळजी. या वेळी आवाज जरा मोठा. ती ओळ आली, ‘डोक्यावरून अंघोळ करू नये’, आणि ती तिच्यावरून तशीच पुढे निघून गेली, स्टेशनात न थांबणाऱ्या गाडीसारखी. वाचून संपवलं. वडील हसले. त्यांना वाटलं पोर चेष्टा करते आहे.

"वाचलंस गो. वाचून झालं. आता सांग."

"सांगितलं ना आजोबा."

"काय सांगितलंस?"

मग ती तिसऱ्यांदा सुरू झाली.

माझ्या हातातला मासा विळीवर तसाच राहिला. मी उठले, खवले लागलेल्या हाताने आत आले आणि दारात उभी राहिले. मुलीचा चेहरा बघितला. तो चेष्टेचा नव्हता. घाबरलेला होता. तिला माहीत होतं की तिच्याकडून काहीतरी मागितलं जातंय आणि ते काय आहे हे तिला कळत नव्हतं. ती जे होतं ते सगळं देत होती, पुन्हा पुन्हा, जास्त मोठ्याने.

मी म्हटलं, "आजोबांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं का?"

ती म्हणाली, "घ्या."

असा धक्का मला आयुष्यात बसला नव्हता. मी दाराच्या चौकटीला टेकले. वर्षानुवर्षं मी या मुलीचा आवाज ऐकत होते आणि समजत होते की ती वाचते आहे. आणि आत काहीच जात नव्हतं? एक अक्षरसुद्धा? मी वडलांना सांगितलं, डोकं धुवायचं नाही, आठवडा जाऊ दे. हात धुतले, थेंब घातले, मध्ये थांबून दुसरे घातले. एक थेंब गालावर पडला तेव्हा वडील म्हणाले, मी घेतो गो माझे मी.

दुपारी ती झोपली नाही. मी पर्समधून बाईंचं पत्र काढलं आणि मागचा नमुन्याचा उतारा तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, मनात वाच. ती ओठ हलवून पुटपुटायला लागली. मी म्हटलं, ओठ नाही हलवायचे, आवाज नाही करायचा. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला पाण्याशिवाय पोहायला सांगते आहे.

"आवाज नाही करायचा? मग मी वाचलं ते तुला कसं कळणार?"

मला रडू आलं. खरंच आलं, तिच्यासमोर. तिला वाटलं तिची काही चूक झाली आणि तीही रडायला लागली, "मी तर सगळं बरोबर वाचते गं आई, एक पण चूक नाही करत." खरं होतं ते. तिची एकही चूक नव्हती. वडील पलंगावरून विचारत राहिले, काय झालं गो, काय झालं दोघींना. त्यांना चष्म्यातून धड दिसतही नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेत गेले. राग गेला होता असं समजू नका. धक्का बसला की माझा राग जास्तच होतो, कुठेतरी तो टाकावा लागतो. मुलीचं जे झालं ते झालं, पण भाषेचा मुद्दा मी सोडणार नव्हते. बाई वर्गात एकट्याच होत्या, डबा उघडलेला आणि शेजारी तपासायच्या वह्या. माझ्याहून लहानच असतील. मला बाकावर बसा म्हणाल्या, मी उभीच राहिले.

"आम्ही घरात आमच्या बोलीत बोलतो," मी म्हटलं. "त्याचे गुण कापणार असाल तर आमच्या मुलांनी काय करायचं? पुण्याला जन्म घ्यायचा होता का त्यांनी?"

बाई गोंधळल्या. "गुण कापणार असं कुठे लिहिलंय?"

"पत्रात."

"पत्र आहे तुमच्याकडे? वाचा ना."

मी पर्समधून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. सप्रेम नमस्कार इथपासून. वाचनात मी पण काही कमी नाही, शाळेत असताना प्रतिज्ञा मीच सांगायची. मी अख्खं पत्र खणखणीत आवाजात, न थांबता वाचून काढलं. प्रश्न चार प्रकारचे असतील: उताऱ्यात सरळ दिलेली माहिती, घटनांचा क्रम, थेट न लिहिलेले पण वाचून कळणारे कारण, आणि आसपासच्या वाक्यांवरून एखाद्या शब्दाचा अर्थ. प्रत्येक मुलाबरोबर मी स्वतंत्र बसेन. उत्तर शोधण्यासाठी उतारा पुन्हा पाहता येईल. नमुन्याचा उतारा पाठ करून घेऊ नये, तो मूल्यमापनात येणार नाही. सही, वर्गशिक्षिका.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग बोलीबद्दल यात काय म्हटलंय?"

मी कागदाकडे बघितलं. आणि पुन्हा सुरू झाले. सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या ओळीवर मला माझाच आवाज ऐकू आला. तो आदल्या दिवशीचा, पेणच्या घरातला आवाज होता. पाठ ताठ, पहिल्यापासून, जरा जास्त मोठ्याने. मी मध्येच थांबले. मग मी त्या लहान मुलांच्या बाकावर, गुडघे वर येतील अशी, बसून गेले.

बाईंना काय झालं ते कळलं नसणार. त्या फक्त म्हणाल्या, "शोधा सावकाश. बघून सांगितलं तरी चालतं. मुलांनाही चालतं."

मी शोधलं. बोट ठेवून, एकेक वाक्य, आवाज न करता. तिसऱ्या परिच्छेदात होतं. ‘मुलाने उत्तर घरच्या बोलीत दिले तरी ते पूर्ण ग्राह्य धरले जाईल. आपल्याला भाषा नव्हे, समजले का ते पाहायचे आहे.’ हे वाक्य मी घरी वाचलं होतं. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, या बाईंसमोर मोठ्याने वाचलं होतं. माझ्या तोंडातून ते गेलं होतं आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. ग्रुपवरचा आवाज मात्र पुरता कानात बसला होता. फाटकाशी उभ्या असलेल्या बाकी सगळ्या जणींनी त्या कागदावर ‘वाचले व समजले’ म्हणून सह्या केल्या होत्या. फक्त मीच केली नव्हती, आणि तेही रागाने.

मग मी बाईंना सगळं सांगितलं. डोळ्यांचा कागद, अंघोळ, तो ‘घ्या’. पोथीसुद्धा. बाई डबा बाजूला ठेवून ऐकत होत्या. "म्हणून ती वर बघत नाही," त्या म्हणाल्या. "मी मध्ये काही विचारलं की ती आवाज वाढवते. मला वाटायचं तिला माझा राग येतो." चौथीत अशी आणखीही मुलं आहेत, म्हणूनच हे पत्र काढलं, असंही म्हणाल्या. मी विचारलं, आता काय करायचं. त्या म्हणाल्या, दोन-तीन वाक्यं झाली की थांबवा आणि विचारा, काय झालं, का झालं, पुढे काय होईल. उत्तर चुकलं तरी चालेल. तिला थांबायला शिकवा.

थांबायला! मी तिला आजवर एकच गोष्ट शिकवली होती आणि ती नेमकी उलटी होती.

त्या महिन्यात आमच्या घरी काय चाललं होतं ते विचारू नका. नवरा पहिल्या शिफ्टहून आला की चहा पिताना तिला पेपरातलं काहीतरी वाचायला द्यायचा. दोन वाक्यांवर हात आडवा घालायचा. ती वैतागायची, पुस्तक आपटायची, "मला वाचू दे ना सरळ!" म्हणायची. एकदा त्याने विचारलं, "या माणसानं गाय का विकली?" तर म्हणाली, "लिहिलेलं नाही." तो म्हणाला, "लिहिलेलं नाय, पन तुला काय वाटतं?" ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिला काय वाटतं हे वाचनाच्या वेळी आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मला ते बघवेना, मी आत निघून गेले.

मूल्यमापन झालं. बाईंनी नोंद पाठवली: ‘सरळ माहिती शोधून सांगते. क्रम सांगते. का व कसे या प्रश्नांना मदत लागते.’ पहिली येणाऱ्या मुलीच्या नावापुढे ‘मदत लागते’. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ती नोंद मी ओठ मिटून दोनदा वाचली, आणि ‘शोधून सांगते’ या शब्दांवर थांबले.

मार्गशीर्षातले आधीचे गुरुवार मी स्वतःच पोथी वाचली, मुलीचा घसा बसलाय असं सांगून. शेवटच्या गुरुवारी बायका ऐकेनात. समोरच्या मावशींनी तर तिला हाताला धरून पाटावर बसवलं. मी समई लावली, बायका हात जोडून बसल्या, मुलीने पाठ ताठ केली आणि सुरू झाली. तोच आवाज, पाणी वाहतं तसा. मला वाटलं, संपलं, महिन्याभराची मेहनत गेली.

निम्म्यावर ती थांबली.

नुसती अडखळली नाही, थांबली. बोट ओळीवर तसंच ठेवून तिने वर बघितलं. बायकांच्या माना एकदम वर आल्या. कुणीतरी "अगो बाय" म्हणून तोंडावर हात घेतला. मावशींचे डोळे विस्फारले. चालू पोथी मध्ये थांबलेली त्या आळीत कुणी पाहिली नव्हती.

"पण ही देवी परत का आली?" मुलीने विचारलं. "हिला तर त्यांनी हाकललं होतं ना? मग कशाला आली?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण आता मी तिला रागावायला हवं होतं आणि परत वरून घ्यायला सांगायला हवं होतं. माझ्या तोंडाशी ते आलंही होतं, इतक्या वर्षांची सवय. मी मावशींकडे बघितलं. मावशी पोथीकडे बघत होत्या.

"जन्मभर ऐकतंय मी," त्या हळूच म्हणाल्या, "मना पन ठाव नाय का आली ती."

मी मुलीला म्हटलं, "तुला काय वाटतं, सांग."

तिने बोट उचललं नाही. विचार करायला लागली, आणि आम्ही सगळ्या थांबलो.